किलोभर चकलीचा हिशेब

सावेडीतल्या आमच्या घरात भाजणीची चकली दर दिवाळीला व्हायचीच. शेजारणींनी ‘वहिनी, आम्हालाही किलोभर करून द्या’ म्हणत पैसे पुढे केले, तेव्हा माझ्या मिळकतीला सुरुवात झाली. तळण मला येत होतं. भाव लावणं मात्र शिकावं लागलं. त्यातून हाती आलेल्या या सहा गोष्टी.

१. वाटी ठेवून द्या, काटा काढा.

घरात आपण वाटीने मोजतो: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, वर धणे-जिरे. विकायचं तर सगळं वजनात लिहा, कारण आडते बाजारातला दुकानदार डाळ किलोने देतो आणि गिऱ्हाईक चकलीही किलोने नेतं. सगळ्यात फसवं असतं ते तेल. कढईत किती ओतलं यावर जाऊ नका. तळणाआधी आणि तळणानंतर तेलाचं वजन करा. मधला फरक आणि मोहन मिळून तुमचा खर्च. माझ्याकडे पाच किलो भाजणीला सव्वादोन किलोच्या आत-बाहेर तेल लागतं आणि साडेसहा किलो चकली उतरते. त्यातली अर्धा किलो तुटकी निघते, ती घरच्या डब्यात. विकायला उरते सहा किलो.

२. स्वतःची मजुरी खर्चात धरा.

एका घाण्याचा हिशेब मांडून दाखवते. बाजारभाव बदलतात, रीत तीच राहते. पाच किलो भाजणीचं धान्य आणि दळणाई ४१५ रुपये, तीळ-ओवा-तिखट-मीठ १००, तेल ३३०, गॅस ८०, पिशव्या आणि लेबलं ७५. झाले हजार रुपये. सहा किलोंवर वाटले की किलोला १६७ पडतात. इथे थांबलं, तर २२० रुपये भाव ऐसपैस वाटतो.

पण भाजणं, गिरणीत जाणं, मळणं, पाडणं, तळणं, भरणं यात आठ तास जातात. २२० ने विकून हातात उरतात ३२० रुपये, म्हणजे तासाला चाळीस. कांदे लागवडीला जाणारी बाईसुद्धा एवढ्यावर यायची नाही, आणि तिला स्वतःचा गॅस जाळावा लागत नाही. मी तासाला साठ धरले. मजुरीचे ४८० मिळवले की घाणा १,४८० ला पडतो, किलोला जवळजवळ २४७. भाव लावला ३२०. सहा किलोंचे १,९२० येतात. खर्च आणि मजुरी जाऊन ४४० उरतात. हा धंद्याचा नफा, ४८० ही माझी मजुरी. दोन्ही वेगळे लिहायचे, म्हणजे मदतीला बाई घेतली तरी तिचे पैसे कुठून द्यायचे हे आधीच ठरलेलं असतं.

ही रीत मोठ्या धंद्यातही आहे. मुंबईत गिरगावात १९५९ च्या मार्चमध्ये सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पीठ घरी नेऊन पापड लाटणाऱ्या बहिणींना किलोच्या हिशेबाने वणाई मिळते. लाटणं हे घरकामात जमा होत नाही, त्याला दर असतो.

३. प्रत्येक घाणा सारखा उतरला पाहिजे.

घरच्यांना एखाद्या वेळी चकली कडक लागली तरी चालतं. गिऱ्हाईक पुढच्या वेळी येत नाही. म्हणून मी पीठ मळल्यावर आधी एकच चकली तळते. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळायची. दाताला कडक लागली तर मोहन कमी. दुसऱ्या दिवशी मऊ पडणारी चकली बहुधा लवकर काढलेली असते. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले की आतलं पाणी गेलं, तोवर आच मध्यम ठेवून धीर धरायचा. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवी बंद करायची नाही, आतल्या वाफेने सगळी मेहनत सादळते. गिरणीतही बाजरीच्या मागोमाग भाजणी टाकू देऊ नका, रंग काळपट येतो.

४. दुकानात माल ठेवण्याआधी वजाबाकी करा.

‘काकू, माल ठेवा, विकला की पैसे देतो,’ असं दुकानदार म्हणाला की आनंद होतो. पण त्याने वीस टक्के घेतले, तर ३२० चे माझ्या हाती २५६ येतात. माझा खर्चच २४७. सहा किलोंमागे ५६ रुपये उरणार, तेही माल विकल्यावर, आणि न विकलेली पाकिटं परत माझ्या दारी. म्हणून मी दुकानाऐवजी ओळखीची घरं, भिशी आणि बचत गटांची प्रदर्शनं धरली.

विक्री घरून असली तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. मी केली तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये फी होती. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, घटक, वजन आणि केल्याची तारीख पाकिटावर आली की अनोळखी माणूसही निर्धास्त घेतो.

५. पैसे तुमच्याच खात्यात आले पाहिजेत.

बहुतेक घरांत क्यूआर कोड लेकाच्या नाहीतर नवऱ्याच्या मोबाईलवर असतो. गिऱ्हाईक पैसे देतं, ते त्यांच्या खात्यात जातात आणि वीजबिलात मिसळून जातात. मग महिनाअखेर आपण कमावलं की नाही हेच कळत नाही. मी माझ्या नावाचं वेगळं खातं काढून कोड त्याला जोडला. घाण्याचे हजार रुपये पुढच्या मालासाठी तिथेच राहतात. मजुरी मी काढून घेते. घरखर्चाला द्यायचं ते या मजुरीतून, मालाच्या पैशातून नाही. घरी पाहुण्यांसाठी सबंध पाकीट फोडलं तर तेही वहीत लिहिते. सासूबाई सुरुवातीला हसल्या, आता ‘लिहिलंस का?’ असं त्याच विचारतात.

६. भाव वाढवायचा तर किती, ते वहीला विचारा.

२०२४ च्या सप्टेंबरात, दिवाळी तोंडावर असताना, केंद्राने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं आणि तेल भडकलं. अशा वेळी कुणी जुन्याच भावाने देऊन स्वतःची मजुरी तेलात घालवतं, कुणी घाबरून किलोला पन्नास वाढवतं. हिशेब करून बघा. तेल किलोला तीस रुपयांनी चढलं, तर सव्वादोन किलोंना साधारण ६७ रुपये जास्त लागतात. सहा किलोंवर वाटले की चकलीला किलोमागे अकरा रुपये. तेव्हा भाव ३३० करायचा आणि कारण सरळ सांगायचं. दहा रुपयांवर घासाघीस फारसं कुणी करत नाही.

दिवाळीची ऑर्डर मी निम्मे पैसे घेतल्यावरच वहीत चढवते. ते आले की त्याच दिवशी तेलाचा डबा आणते. मग ज्यांनी आगाऊ दिले त्यांना ठरलेलाच भाव, नंतर येणाऱ्यांना त्या दिवसाचा. हा नियम सगळ्यांना सारखा, नणंदेलाही.