पाच लाखांच्या पाच पावत्या

आमच्या धनजकडे शेतीचा पैसा दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा आणि पुढे तुरीचा येतो. लागतो मात्र जूनच्या तोंडावर, बियाण्या-खताला. काकांनी जमीन विकून आलेले पाच लाख एकाच पावतीत, साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ठेवले होते. चौदा महिन्यांनी विहिरीची मोटार जळाली, त्यात पेरणी आली, आणि ऐंशी हजार हवे झाले. त्या बँकेत ठेव अर्धवट मोडता येत नव्हती. पैसा जेवढा काळ राहिला तेवढ्या मुदतीचा दर, म्हणजे सहा टक्के धरला गेला आणि त्यातून एक टक्का दंड गेला. साडेसहाऐवजी पाच टक्के पडले. सुमारे पावणेनऊ हजार गेले. गरज ऐंशी हजारांची, पण फटका पूर्ण पाच लाखांवर बसला.

म्हणून आता घरात ठेवींची शिडी आहे. लाखाच्या पाच पावत्या, मुदती एक ते पाच वर्षांच्या. मुदत दिवसांतही मागता येते, त्यामुळे प्रत्येक पावती मे महिन्यात पिकेल असं बघावं. पिकलेली रक्कम लागली तर वापरायची, नाहीतर पाच वर्षांसाठी पुन्हा ठेवायची. चार वर्षांनी सगळ्याच पावत्या पाच वर्षांच्या होतात, तरी दर मे महिन्यात एक हाती येतेच.

परताव्याचा हिशेब रकमेवरून करावा. समजा, दर अनुक्रमे ६.५, ६.७५, ७, ६.७५ आणि ६.५ टक्के आहेत. वर्षाचं व्याज ३३,५०० रुपये, म्हणजे पाच लाखांवर ६.७ टक्के. पहिली पावती पिकली तेव्हा दर सहावर आला असेल, तर एकूण परतावा ६.६ होतो, घसरण एकाच पायरीला लागते. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. २०२१ मध्ये सगळा पैसा पाच वर्षांसाठी अडकवलेल्यांना त्या वाढीचा लाभ घेता आला नाही. शिडीवाल्याची दरवर्षी एक पावती नव्या दराने लागत गेली.

रकमा सारख्या नसतील तर नुसत्या दरांची सरासरी फसवते. दोन लाख सहा टक्क्यांनी आणि पन्नास हजार सात टक्क्यांनी असतील तर परतावा साडेसहा नव्हे, ६.२ टक्के.

फलकावरचा ‘वार्षिक उतारा’ही तपासून बघा. साडेसहा टक्क्यांची ठेव तिमाही चक्रवाढीने पाच वर्षांत लाखाची सुमारे १,३८,००० होते. वरच्या ३८ हजारांना पाचने भागून ७.६ टक्के लिहितात. वर्षाला खरे पडतात ६.६६.

पावती करताना फॉर्मवरचा आपोआप नूतनीकरणाचा रकाना नीट वाचा. तिथे खूण राहिली तर एक वर्षाची पावती पुन्हा एकाच वर्षासाठी लागते आणि शिडीची पायरी तुटते.