मित्रांना नकार देण्याची तालीम

‘तंबाखू खाऊ नये’ हे आठवी-नववीच्या मुलांना पाठ असतं. तरीही शाळा सुटल्यावर चौघांत मावा मळला जातो आणि पुडी आपल्यापुढे येते, तेव्हा एखादा मुलगा मुकाट्याने हात पुढे करतो. धोका त्याला ठाऊक असतो. त्या घटकेला बोलायचं काय, हे सुचत नाही. म्हणून तालीम त्या घटकेचीच घ्यायला हवी. वर्गात ती सलग दोन तासिकांत होते.

१. प्रसंग मुलांकडूनच घ्या

आदल्या दिवशी सर्वांना कोरी चिठ्ठी द्या. ‘मनात नसताना केवळ मित्रांमुळे काय करावंसं वाटलं?’ एवढंच लिहायचं, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या तुम्ही एकट्यानेच वाचा. मावा, दांडी, कुणाचा तरी फोटो ग्रुपवर टाकणं, लायसन्स नसताना गाडी चालवणं असं काहीबाही निघेल. वारंवार आलेला एक प्रसंग निवडा. जागा आणि तपशील असे बदला, की कोणताही मुलगा ओळखू येणार नाही.

२. आग्रह खरा वाटू द्या

शिक्षकांनी लिहिलेल्या नाटुकल्यात बिघडवणारा मित्र खलनायकासारखा बोलतो. त्याला नकार देणं सोपं असतं. खरा आग्रह लाडीगोडीचा असतो: “घे रे, चिमूटभर. आपण काय परके आहोत का?” मग टोमणा येतो: “घरी विचारून येतोस का?” ही वाक्यं मुलांकडूनच काढून घ्या आणि फळ्यावर लिहा.

३. भूमिका वाटा

चौघांचा गट करा: आग्रह करणारा, नकार देणारा, तिसरा मित्र आणि निरीक्षक. पुडी म्हणून घडी घातलेला कागद पुरे. पहिल्या प्रात्यक्षिकात आग्रह तुम्हीच करा. ज्याला खरोखर सवय आहे किंवा ज्याला वर्ग चिडवतो, त्याला त्या भूमिकेत उभं करू नका. भूमिका फिरवा, पण शेवटी प्रत्येकाच्या तोंडी नकाराचंच वाक्य येऊ द्या. तालमीत जे अखेरीस बोललं जातं, ते तोंडात बसतं.

४. दोन मिनिटं खेळा, थांबवा, पुन्हा खेळा

पहिल्या फेरीत बहुतेक मुलं कारणं देतात: “आज पोट बिघडलंय.” “मग उद्या घे,” असं उत्तर लगेच येतं. इथे ‘थांबा’ म्हणा आणि निरीक्षकाला विचारा, पळवाट कुठे राहिली? मग दुसरी फेरी:

“घे ना रे.”
“नको, मी खात नाही.”
“घाबरलास?”
“म्हण काय म्हणायचं ते. मी खात नाही. चल, बॅट आणलीय, मैदानावर जाऊ.”

छोटा नकार, टोमण्याला उत्तर न देता तेच वाक्य पुन्हा, आणि मैत्री न तोडता दुसरीकडे जायची वाट. नजर खाली आणि हात खिशात असेल, तर तेच शब्द विनवणीसारखे वाटतात. निरीक्षकाने हेही पाहावं.

तिसऱ्या फेरीत तिसरा मित्र तोंड उघडतो: “मलाही नको. चल.” सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत रेषांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले. गटातले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा अनेक जण डोळ्यांना दिसत असूनही त्यांच्यामागे जात. गटातला एक जण जरी बरोबर बोलला, तरी असं मागे जाणं झपाट्याने कमी होई. म्हणून ही फेरी वगळू नका. नकार देण्याचं धैर्य सगळ्यांना नसतं, पण ‘मलाही नको’ एवढं बरेच जण म्हणू शकतात.

५. भूमिका उतरवा, मग विचार करा

सर्वांनी जागा बदलून बसावं आणि आग्रह करणाऱ्यांनी आपलं खरं नाव सांगावं, म्हणजे ‘मावावाला’ हे टोपणनाव चिकटत नाही. त्यानंतर तीन प्रश्न विचारा: कोणत्या वाक्याला तू डगमगलास? अंगात काय जाणवलं? तिसऱ्याने काय केलं असतं तर सोपं गेलं असतं? उत्तरं आधी वहीत आणि मगच, ज्याला हवं त्याने, तोंडी. तुम्ही तात्पर्य सांगू नका. ते सांगितलंत की मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहू लागतात.

वर्ग नुसता हसत असेल आणि टाळ्या आग्रह करणाऱ्यालाच पडत असतील, तर तालीम फसते आहे असं समजा. प्रसंग थांबवा आणि ती भूमिका स्वतःकडे घ्या.

या तालमीला मर्यादाही आहे. मारण्याची धमकी, पैसे उकळणं किंवा लैंगिक त्रास असेल, तर तो मित्रांचा आग्रह राहत नाही. अशा वेळी मुलाने तिथून निघून मोठ्या माणसाला सांगायचं, हेच शिकवा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. कुणी वर्गात असं काही बोलू लागलं, तर तिथेच खोदून विचारू नका. तासिकेनंतर त्याला वेगळं भेटा.

दोन आठवड्यांनी पुन्हा निनावी चिठ्ठ्या घ्या: ‘वाक्य वापरलंस का? पुढे काय झालं?’ जिथे ते अडलं, तोच पुढच्या तालमीचा प्रसंग.