सगळ्यांनी एकाच रात्री

चि. मेघना हिस,


ओमच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, मनगटावर आणि बेंबीभोवती तसंच. दिवसा बरा असतो, पण रात्री पांघरुणात शिरला की खाजवून रडतो. आता तुझ्याही बोटांना सुरू झालं म्हणतेस, तेव्हा ही खरूजच दिसते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घे. तोवर मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब मात्र बंद कर. तसल्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज कमी होते, पुरळाचं रूप बदलतं आणि किडे आत मजेत राहतात.

खरजेची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ पाडून अंडी घालते. अंगावर असे किडे बहुधा दहा-पंधराच असतात. खाज येते ती किड्याची आणि त्याच्या विष्ठेची अ‍ॅलर्जी होऊन, आणि पहिल्यांदा लागण झाल्यावर ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून सासूबाई ‘मला काही होत नाही’ म्हणतात ते खरं असलं, तरी ओम त्यांच्याच कुशीत झोपतो. त्यांना वगळलंस, तर महिन्याभराने तुम्ही सगळे पुन्हा खाजवत बसाल.

डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम देतील. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं, हे आधीच विचारून घे. एका ट्यूबमध्ये चौघांचं भागवायला गेलं की फसतं. नखं कापा. रात्री कोरड्या अंगाला मानेपासून तळपायापर्यंत लावा, पुरळ नसेल तिथेही: बेचक्या, काखा, बेंबी, जांघा, नखांखाली. रात्री हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. सकाळी, म्हणजे आठ ते चौदा तासांनी, आंघोळ करा. आठवड्याने हेच पुन्हा एकदा, चौघांनीही त्याच रात्री. धाकटी नणंद माहेरी आली असेल तर तिलाही धर. ती गरोदर आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांग, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या तिला चालणार नाहीत.

त्याच सकाळी आधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळव. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेव. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसच जगतो. घरभर औषध फवारायची काही गरज नाही.

किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. घाबरून रोज क्रीम चोपडू नकोस, कातडी सोलवटून खाज वाढेल. पण ओमच्या फोडांत पू झाला, किंवा लघवी लाल झाली, तोंडावर सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

शनिवारची रात्र ठरव. सासूबाई ऐकेनात तर फोन त्यांच्याकडे दे, मी बोलते.

तुझी,
मावशी