एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे कापले गेले : असं का होतं?



आमच्या शाळेतल्या एक बाई शनिवारी, ७ तारखेला संध्याकाळी दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर ५,००० रुपये काढायला गेल्या. मशीन घरघरलं, थांबलं, नोटा काही आल्या नाहीत. मोबाईलवर मात्र ५,००० रुपये डेबिट झाल्याचा मेसेज आला. सोमवारी स्टाफरूममध्ये एकच प्रश्न होता, 'नोटा मशीनमध्येच आहेत, मग माझ्या खात्यातून कापले कसे?'

याचं उत्तर कामाच्या क्रमात आहे. तुम्ही पिन टाकता तेव्हा एटीएम आधी तुमच्या बँकेला विचारतं. बँक दुसरी असेल तर हा निरोप एनपीसीआयच्या नेटवर्कमधून जातो. तुमची बँक शिल्लक बघते, रक्कम लगेच खात्यातून वजा करते आणि मग 'द्या' असं कळवते. नोटा मोजण्याचं काम त्यानंतर सुरू होतं. क्रम उलटा ठेवला, म्हणजे आधी नोटा आणि मग नोंद, तर मध्येच लाईन तुटल्यावर बँकेचे पैसे गेलेच म्हणून समजा.

आता 'द्या' म्हटल्यावर नोट अडकली, वीज गेली किंवा निरोपच वेळेत पोचला नाही, तर वजाबाकी झालेली असते आणि नोटा आतच राहतात. अशा वेळी 'व्यवहार झाला नाही, रक्कम परत जमा करा' असा उलटा निरोप जायला हवा. त्याला रिव्हर्सल म्हणतात. तो नीट पोचला तर काही मिनिटांतच पैसे खात्यात दिसतात. पुष्कळदा असंच होतं, म्हणून आधी थोडं थांबून बॅलन्स बघा. तिथेच घाईने पुन्हा कार्ड घालू नका. मशीनच बिघडलेलं असेल तर दुसऱ्यांदाही रक्कम कापली जाऊ शकते.

तो निरोपही हरवला, तर मग माणसांनी हिशेब जुळवायचा. एटीएममध्ये प्रत्येक हालचालीची नोंद होत असते, तिला इलेक्ट्रॉनिक जर्नल म्हणतात. मशीनमधली रोकड मोजली की नोंदीपेक्षा ५,००० जास्त निघतात. ते आपल्या बाईंचे! मग ती बँक ते पैसे बाईंच्या बँकेकडे पाठवते. दिवस लागतात ते इथे.

किती दिवस? रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. हे कॅलेंडरचे दिवस, रविवारही मोजायचा. त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता.

बाईंचा हिशेब करू. व्यवहार ७ तारखेचा, मुदत १२ पर्यंत. पैसे जमा झाले १६ ला. उशीर चार दिवस, म्हणजे ४०० रुपये. ५,००० आले, पण ४०० आलेच नाहीत! बाईंनी शाखेत लेखी अर्ज दिला, तेव्हा तेही जमा झाले. (माझ्या सातवीच्या वर्गाला हेच उदाहरण घातलं, निम्म्या मुलांनी ७ तारीखही मोजली आणि ५०० उत्तर काढलं.)

तक्रार कुठे करायची यात बरेच जण चुकतात. एटीएम कोणाचंही असो, तक्रार आपल्या बँकेकडे, म्हणजे जिचं कार्ड आहे तिच्याकडे. तारीख, वेळ, रक्कम आणि एटीएमचा क्रमांक द्या. स्लिप आली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, शाई लवकर उडते. कस्टमर केअरचा नंबर कार्डाच्या मागचाच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर ठगाचा असू शकतो.

एक प्रकार वेगळा आहे. कधी कधी चोर नोटा बाहेर येण्याच्या फटीत पट्टी चिकटवून ठेवतात. नोटा त्यामागे अडकतात, आपण निघून गेलो की ते काढून नेतात. इथे मशीनच्या नोंदीत नोटा दिल्या गेल्या असं दिसू शकतं, म्हणजे जास्तीची रोकडही निघत नाही. पाच दिवस वाट बघण्यात अर्थ नाही. फट सैल किंवा विचित्र वाटली तर तिथूनच बँकेला फोन करा. सुरक्षारक्षक असेल तर त्याला बोलवा.

'व्यवहार यशस्वी' असं सांगून बँकेने तक्रार बंद केली, तर जर्नलची नोंद आणि त्या वेळचं सीसीटीव्ही फुटेज तपासण्याची लेखी मागणी करा. फुटेज कायम ठेवलं जात नाही, म्हणून हे लवकर करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे बँकेकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा लागतो, म्हणून अर्जाची पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका.