डिलिव्हरीवाल्याचा नंबर झाकलेला का असतो

घरपोच सामान आणणाऱ्या किंवा गाडी बोलावण्याच्या ॲपमध्ये कॉलचे बटण दाबले की पडद्यावर जो नंबर येतो, तो सहसा ड्रायव्हरचा नसतो. ॲप चालवणारी कंपनी असे नंबर फोनसेवा पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेते. त्या नंबरामागे कोणाचे सिमकार्ड नसते, कोणाचा मोबाइलही नसतो. असतो तो एक संगणक. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमधला ऑपरेटर दोन तारा जोडून द्यायचा, तसा हा संगणक दोन वेगळे कॉल जोडतो: एक ग्राहकापासून त्याच्यापर्यंत आणि दुसरा त्याच्यापासून ड्रायव्हरपर्यंत. ड्रायव्हरच्या फोनवरही ग्राहकाचा खरा नंबर उमटत नाही, तिथेही मधलाच नंबर दिसतो.

हा आडपडदा कशासाठी, हे खरा नंबर हातात आल्यावर काय काय होऊ शकते ते पाहिले की कळते. नंबर सेव्ह केला की व्हॉट्सॲपवर फोटो दिसू शकतो. पैसे पाठवण्याच्या ॲपमध्ये तोच नंबर टाकला की बऱ्याचदा बँकेत नोंदवलेले नाव समोर येते. घराचा पत्ता तर डिलिव्हरीवाल्याला माहीत असतोच. सामान पोचल्यावर रात्री-अपरात्री मेसेज यायला लागले, तर त्रास बहुतेक वेळा बाईमाणसाला होतो आणि नंबर बदलण्याची वेळही तिच्यावरच येते. उलट बाजूनेही हेच घडते. भाड्यावरून भांडलेला एखादा प्रवासी ड्रायव्हरला पुढे अनेक दिवस फोन करून शिव्या घालू शकतो. मधला नंबर असला की काम संपल्यावर थोड्या वेळाने ही वाट दोन्हीकडून बंद होते.

कंपनीचा स्वतःचा स्वार्थही यात आहे आणि तो लपवण्यासारखा नाही. ड्रायव्हर आणि ग्राहक यांच्याकडे एकमेकांचे नंबर राहिले तर पुढच्या खेपेला दोघे परस्पर ठरवतात आणि कंपनीचे कमिशन बुडते. शिवाय कोणी कोणाला किती वाजता फोन केला, तो उचलला गेला की नाही, याची नोंद मधल्या संगणकावर राहते. 'मी फोन केला होता, ग्राहकाने घेतला नाही' या वादाचा निकाल याच नोंदीवरून लागतो. आसनगाव स्टेशनबाहेरच्या जीपवाल्याचा नंबर डोळखांबकडच्या बहुतेक घरांत भिंतीवर लिहिलेला सापडेल आणि त्यावर गावाचे काम अडत नाही. पण तो जीपवाला ओळखीचा असतो, त्याच्या घरचेही ठाऊक असतात. ॲपवरचा ड्रायव्हर दर वेळी नवा असतो.

आता हे जोडणे नेमके कसे होते ते पाहू, कारण गावाकडच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. संगणकाला दोनच गोष्टी समजतात: फोन कोणत्या नंबरावरून आला आणि कोणत्या मधल्या नंबरावर आला. या दोन्ही मिळून तो आपल्या यादीत ऑर्डर शोधतो आणि समोरच्याला फोन लावतो. म्हणून एकच मधला नंबर एकाच वेळी कल्याणच्या एका ग्राहकाला आणि नाशिकच्या दुसऱ्या ग्राहकाला दिलेला असू शकतो. दोघांचे स्वतःचे नंबर वेगळे असल्यामुळे घोटाळा होत नाही. ड्रायव्हरचे मात्र तसे नाही. त्याच्याकडे एका वेळी तीन ऑर्डर असतील तर त्याला तीन वेगळे मधले नंबर लागतात, कारण फोन करणारा तो एकटाच असतो. पार्सलवाल्याच्या पिशवीत तर ढीगभर पुडकी असतात. तिथे प्रत्येकाला वेगळा नंबर देणे परवडत नाही, म्हणून काही कंपन्या एकच नंबर ठेवतात आणि तो लागल्यावर त्या पार्सलचा पिन दाबायला सांगतात.

डोळखांब परिसरात हे कुठे अडते ते एका पार्सलवरून समजते. मुलगी कल्याणला नोकरी करते आणि डोळखांब-डेहणे रस्त्यालगतच्या पाड्यावर राहणाऱ्या वडिलांसाठी मिक्सर मागवते. ऑर्डर तिच्या फोनवरून, पत्ता वडिलांचा. पाड्यावरच्या पत्त्यात घर क्रमांक नसतो. 'शाळेच्या मागे, विहिरीजवळ' एवढ्यावर पोचायचे, म्हणजे फोन केल्याशिवाय गत्यंतर नाही. शहापूरहून निघालेला पार्सलवाला डोळखांबच्या नाक्यावर थांबून फोन लावतो. मधला नंबर त्याला मुलीशी जोडतो, कारण यादीत नंबर तिचा आहे. ती त्या वेळी लोकलच्या गर्दीत असते, फोन पर्समध्ये वाजून थांबतो. उतरल्यावर ती मिस कॉल पाहते आणि वडिलांना कळवते, 'बाबा, या नंबरवर फोन करा, तो नाक्यावर उभा असेल.' वडील आपल्या फोनवरून तो नंबर लावतात. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो की या नंबरावर कोणतीही ऑर्डर नाही. नंबर बरोबर होता, फोनही लागला होता, पण वडिलांचा नंबर यादीत नव्हता. पार्सलवाल्याने तोवर 'ग्राहकाशी संपर्क झाला नाही' अशी नोंद केलेली असते आणि मिक्सर परत शहापूरला जातो.

यावर उपाय ऑर्डर करतानाच करायचा असतो. पत्ता भरताना त्याच्याबरोबर फोन नंबराचा वेगळा रकाना येतो. तिथे ॲप स्वतःहून खातेदाराचाच नंबर भरून ठेवते आणि घाईत तो तसाच राहतो. तो खोडून जो माणूस पार्सल घेणार त्याचा नंबर घालावा. गाडीच्या ॲपमध्ये दुसऱ्यासाठी गाडी बुक करण्याची सोय असते, तिथे प्रवाशाचा नंबर मागतात. पुण्यात बसून कल्याण स्टेशनवरून आईवडिलांना गाडी करून द्यायची असेल तर हीच सोय वापरावी, नाहीतर ड्रायव्हर स्टेशनबाहेर आणि फोन पुण्याला वाजतोय, असे होते. ऑर्डर निघून गेली असेल तर ज्याच्या खात्यावरून ती केली त्यानेच फोन लावावा आणि कॉन्फरन्समध्ये घरच्या माणसाला जोडून घ्यावे.

दुसरी अडचण दोन सिमची. डोंगराच्या कुशीतल्या गावांत एका कंपनीची रेंज एका वळणावर मिळते, दुसरीची पुढच्या वळणावर, म्हणून बरेच जण एका फोनमध्ये दोन सिम ठेवतात. ॲपमध्ये नोंद पहिल्या सिमची असते आणि रेंज नाही म्हणून कॉल दुसऱ्यावरून जातो. माणूस तोच, फोन तोच, पण संगणकाच्या लेखी हा कोणी अनोळखी. मधला नंबर एका सिमवरून लागतो आणि दुसऱ्यावरून 'ऑर्डर नाही' म्हणतो, तर कारण हेच समजावे. फोनच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी 'दर वेळी विचारा' हा पर्याय ठेवला की नोंदवलेले सिम निवडता येते.

गावाकडे सर्वात जास्त खटकते ती व्हॉट्सॲपची गोष्ट. एरवी कोणालाही वाट सांगायची तर लोकेशन पाठवले की काम भागते. इथे तो नंबर व्हॉट्सॲपवर शोधला तर सापडत नाही. सापडलाच तर तो त्या ड्रायव्हरचा नाही एवढे नक्की. लोकेशन ॲपमधल्या नकाशावर खूण सरकवून नीट लावायचे आणि उरलेले ॲपमधल्या चॅटमध्ये लिहायचे. फोटो पाठवण्याची सोय असेल तर घरासमोरच्या खुणेचा फोटो टाकावा. मधला नंबर सेव्ह करून ठेवण्यातही अर्थ नाही. ऑर्डर पुरी झाल्यावर काही वेळाने जोडणी तुटते आणि तोच नंबर पुढे भलत्याच ऑर्डरसाठी वापरला जातो. कॉल करणाऱ्याचे नाव दाखवणारी ॲप्स अशा नंबरापुढे चुकीचे नाव दाखवतात ते यामुळेच. आणि वैतागून त्याला स्पॅम म्हणून ब्लॉक केले, तर तोच नंबर पुन्हा वाट्याला आल्यावर पुढच्या पार्सलचा फोन वाजत नाही.

या पद्धतीची एक काळी बाजू आहे. रोज अनोळखी नंबरावरून 'पार्सल आहे' असे फोन यायला लागले की माणसाला त्याची सवय होते, आणि ठगांना नेमकी तीच हवी असते. पलीकडचा म्हणतो, 'पत्ता सापडत नाही, डिलिव्हरीवाल्याला कॉल जोडण्यासाठी हा कोड दाबा.' कोड `*401*` किंवा `**21*` ने सुरू होतो, मागे एक मोबाइल नंबर आणि बऱ्याचदा शेवटी `#`. खरे तर तो कॉल वळवण्याचा आदेश असतो. तो चालला की बँकेचा फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी ठगाच्या फोनवर जातो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून कॉल वळवण्याची सोय स्थगित ठेवायला मोबाइल कंपन्यांना सांगितले होते, तरी असे कोड सांगणारे फोन थांबलेले नाहीत. चुकून दाबला गेला असेल तर `##002#` लावून वळवलेले सगळे कॉल रद्द करावेत आणि फोनच्या कॉल फॉरवर्डिंग सेटिंगमध्ये खात्री करून घ्यावी.

खरा पार्सलवाला ओळखायचा कसा? नंबर पाहून ते कळत नाही, कारण खराही अनोळखीच असतो. म्हणून आलेला फोन ठेवून ॲप उघडावे, ऑर्डर खरोखर आज यायची आहे का ते पाहावे आणि तिथल्या कॉलच्या बटणावरून आपणच उलट फोन करावा. त्या बटणातून लागलेला फोन ऑर्डर ज्याच्याकडे आहे त्यालाच जातो. डिलिव्हरीचा ओटीपी मागणे यात गैर काही नाही, काही कंपन्यांची तीच रीत आहे. पण तो दारात, पार्सल हातात आल्यावर सांगायचा, फोनवर नाही. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधण्याऐवजी ॲपच्या मदत विभागातून घ्यावा. शोधात वर येणारे नंबर पुष्कळदा ठगांनीच पेरलेले असतात.

नंबर झाकलेला असला तरी ड्रायव्हर निनावी नसतो. कोणत्या वेळी तो नंबर कोणाला जोडलेला होता याची नोंद कंपनीकडे असते आणि पोलिसांना ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवता येते. त्रास झाला तर तक्रारीत नुसता मधला नंबर देऊन भागत नाही, कारण त्याच दिवशी तो अनेकांना दिलेला असू शकतो. ऑर्डर क्रमांक, तारीख, फोनची वेळ, ज्या सिमवर फोन आला तो नंबर आणि ॲपमध्ये दिसलेले ड्रायव्हरचे नाव व गाडीचा क्रमांक, हे सगळे स्क्रीनशॉटसह द्यावे. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करावा, शहापूरच्या पोलीस ठाण्याची वाट त्यानंतर धरावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायची तर जितक्या लवकर कळवाल तितके बरे.