‘ओळखलंत का?’ न विचारता भेटूया : विसर पडणाऱ्या वृद्ध व्यक्तीशी पहिली पाच मिनिटं



सुट्ट्या लागल्या की गावोगावी माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात. निवृत्त बाईंना किंवा गुरुजींना पुढच्या खुर्चीत बसवतात, शाल-श्रीफळ देतात आणि मग रांग लागते. प्रत्येक जण वाकून पाया पडतो आणि हसत विचारतो, "बाई, ओळखलंत का?" घरीही हेच होतं. नातवाला आजीपुढे उभं करून आपण म्हणतो, "आजी, हा कोण, सांग बरं?"

विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण समोरच्या व्यक्तीला स्मृतिभ्रंश असेल, तर तिच्यासाठी ही सगळ्यांसमोर घेतलेली तोंडी परीक्षा ठरते. जिने आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले, ती बाई आता उत्तर येत नाही म्हणून पदराशी चाळा करत बसते. तेव्हा अशा व्यक्तीला भेटताना काय बोलावं, हा आजचा आपला पाठ.

हा प्रश्न इतका अवघड का जातो?

आपण शिक्षक आहोत, त्यामुळे हे आपल्याला लवकर कळेल. ‘रिकाम्या जागा भरा’ आणि ‘जोड्या लावा’ यांत काय फरक असतो? पहिल्यात उत्तर मुलाला स्वतः शोधून काढावं लागतं. दुसऱ्यात ते समोर असतं, फक्त ओळखायचं असतं. "मी कोण?" हा पर्याय न दिलेल्या रिकाम्या जागेचा प्रश्न आहे. "बाई, मी सुधीर, तुमचा विद्यार्थी" असं म्हटलं की उत्तर समोर येतं आणि बाईंचं काम सोपं होतं.

अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. त्यात मेंदूच्या ज्या भागाला साधारणपणे लवकर इजा होते, तो भाग नव्या आठवणी साठवण्याचं काम करतो. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीची शाळा आठवते. आता गंमत बघा. बाईंच्या आठवणीतला सुधीर नऊ वर्षांचा, अर्ध्या चड्डीतला आहे. समोर उभा आहे टक्कल पडलेला, चष्मा लावलेला माणूस. स्मरणशक्ती उत्तम असलेला माणूससुद्धा इथे गोंधळेल.

आणखी एक गोष्ट. "आज वार कोणता? आपण कुठल्या गावात आहोत?" हे प्रश्न डॉक्टर स्मरणशक्ती तपासताना विचारतात. तिथे त्यांना अर्थ आहे, कारण उत्तरावरून निदानाला मदत होते. आपण तेच प्रश्न दिवाणखान्यात विचारतो तेव्हा त्यातून उपचार तर होत नाहीच, आणि रोज विचारून स्मरणशक्ती परतही येत नाही. उरते ती फक्त लाज.

ही लाज मागे राहते बरं का. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अल्झायमर असलेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले होते. थोड्या वेळाने त्यांना काय पाहिलं ते फारसं सांगता येईना, पण दुःखाची किंवा आनंदाची भावना मात्र मनात टिकून होती. म्हणजे आपण आलो होतो हे बाई विसरतील. आपण आल्यावर कसं वाटलं, ते त्यांच्या मनात काही काळ रेंगाळेल.

भेटीचे चार टप्पे

1. आधी घरच्यांना फोन करा. बाई कोणत्या वेळी ताज्यातवान्या असतात, ते विचारा. बऱ्याच जणांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते, म्हणून सकाळची वेळ बहुधा बरी. कोणत्या कानाने नीट ऐकू येतं? चष्मा, श्रवणयंत्र लावलेलं असेल का? पुष्कळदा ‘ओळखलं नाही’ याचं कारण न दिसणं किंवा न ऐकू येणं हेच असतं. दहा जणांनी एकदम जाऊ नका, दोघे जा. पोहोचल्यावर टीव्ही बंद करायला सांगा.

2. समोरून या आणि दिसा. मागून येऊन खांद्यावर हात ठेवला की माणूस दचकतो. दारातूनच "नमस्कार बाई" म्हणा आणि त्या आपल्याकडे बघेपर्यंत थांबा. पाया पडायचं असेल तर आधी सांगा, "बाई, नमस्कार करतो हं." अनोळखी माणूस अचानक पायाशी वाकला तर त्या घाबरू शकतात. मग खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसा आणि उजेड आपल्या चेहऱ्यावर पडू द्या. खिडकीकडे पाठ करून बसलात तर त्यांना फक्त काळी आकृती दिसेल.

3. नाव, नातं आणि आनंद, तीन छोटी वाक्यं. "बाई, मी सुधीर. तुमच्या चौथीच्या वर्गात होतो. तुम्हाला भेटून छान वाटलं." बस्स. शेवटी "आठवतंय ना?" हे शेपूट लावू नका. सगळी मेहनत त्या दोन शब्दांनी वाया जाते.

4. प्रश्नाऐवजी विधान करा आणि थांबा. डोळ्यांसमोर जे आहे किंवा खूप जुनं जे आहे, त्याबद्दल एक वाक्य बोला. मग मनात दहा आकडे मोजा. उत्तर यायला वेळ लागतो. आपल्याला शांतता सहन होत नाही, म्हणून आपण दुसरं वाक्य टाकतो आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एक भेट उदाहरणादाखल

समजा, बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सुनेजवळ राहतात. सुधीर सकाळी साडेदहाला आला, समोर बसला आणि वरची तीन वाक्यं बोलला.

बाई म्हणाल्या, "हो का? बरं झालं." आणि त्यांनी सुनेकडे बघितलं.

हे बघणं महत्त्वाचं आहे. उत्तर सापडत नसलं की माणूस जवळच्या व्यक्तीकडे मान वळवतो. डॉक्टरांनाही ही खूण परिचयाची असते. सगळ्यांना सारखंच हसून "हो हो, ओळखते की" म्हणणं, एकदम चिडणं, "मला आत जायचंय" म्हणणं, यांचाही अर्थ बहुधा तोच : मला अवघड जातंय. अशा वेळी सुनेनेही "अहो आई, सुधीर नाही का, मागे आला होता!" असा आग्रह धरू नये.

सुधीर म्हणाला, "आपल्या शाळेसमोर चिंचेचं झाड होतं. आम्ही मधल्या सुट्टीत चिंचा पाडायचो." आणि थांबला.

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "दात आंबतात."

"हो बाई, फार आंबायचे. घरी भाकरी चावायची नाही."

बाई हसल्या. "तू रमेश ना?"

इथे "नाही हो, मी सुधीर!" म्हटलं तर परीक्षा पुन्हा सुरू होते. आणि "हो, मी रमेश" म्हणायचीही गरज नाही. सुधीर म्हणाला, "रमेशची आठवण झाली तुम्हाला. मीही तुमचाच विद्यार्थी." खोटं काही बोलला नाही आणि चूकही दाखवली नाही.

मग सुनेने मटाराच्या शेंगा आणि ताट मध्ये ठेवलं. हाताला सवयीचं काम मिळालं की बोलण्याचा ताण कमी होतो. शेंगा सोलता सोलता सुधीरने सहज "बे एके बे, बे दुणे चार" सुरू केलं. बाईंनी सूर धरला. त्यांनी धरला नसता तर त्यानेच पाढा पुढे नेला असता. "बाई, बेचा पाढा म्हणून दाखवा" म्हटलं असतं तर ती पुन्हा परीक्षाच झाली असती.

बाईंनी "कुठून आलास?" हे तीन वेळा विचारलं. सुधीरने तिन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं. वीस मिनिटांनी त्या खुर्चीत मागे टेकल्या, डोळे मिटू लागले. ही थकल्याची खूण. "येतो बाई, छान वाटलं" म्हणून तो उठला.

त्यांना तो सुधीर म्हणून आठवला का? बहुतेक नाही. पण त्यांनी सुनेकडे मान वळवणं थांबवलं आणि स्वतः प्रश्न विचारू लागल्या. भेट जमली की नाही, हे यावरून कळतं.

वर्गात आणि घरी सराव

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी एका तासिकेत हा पाठ होतो. आधी एखाद्या धीट मुलाला त्याच्या संमतीने पुढे बोलवा आणि विचारा, "गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी डब्यात काय होतं? आठव, सगळे बघताहेत." मग "कसं वाटलं?" हे विचारा. आजीला कसं वाटतं, ते वेगळं समजावावं लागत नाही.

त्यानंतर जोड्या करून प्रश्नांची विधानं करायला द्या :

- "आजी, हा कोण सांग?" – "आजी, हा चिनू, तुझा नातू."
- "आज वार कोणता?" – "आज गुरुवार. बाजाराची गर्दी आहे बाहेर."
- "सकाळी काय खाल्लंस?" – "फोडणीचा छान वास येतोय."

पालकांनी मुलांना एवढं आधी सांगावं : आजी तुला दुसऱ्या नावाने हाक मारेल, तर तिला तू आवडत नाहीस असं नाही. तिच्या मेंदूला आजार आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

प्रश्न अजिबात विचारूच नयेत असं नाही. "चहा घ्यायचा की दूध?" किंवा "पाय दुखतोय का?" हे प्रश्न चालतात, कारण त्यांची उत्तरं आठवावी लागत नाहीत. कप आणि पेला समोर धरले तर अजून सोपं.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. विसर हळूहळू, महिन्या-वर्षांत वाढतो. काल बोलणारी व्यक्ती एक-दोन दिवसांत एकदम गोंधळली, भलतंच बोलू लागली किंवा सारखी गुंगीत राहू लागली, तर ‘वयामुळे होतंय’ म्हणून सोडू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध अशी कारणं असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि बोलताना जीभ अडखळत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा एका बाजूचा हात उचलत नसेल, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

यंदाच्या मेळाव्यात हे करून बघा : प्रत्येकाच्या छातीवर मोठ्या अक्षरांत नावाची पट्टी लावा, खाली शाळा सोडल्याचं वर्ष लिहा. बाईंसमोर दोन खुर्च्या ठेवा. एका वेळी दोघांनीच बसायचं आणि पहिलं वाक्य ‘मी’ने सुरू करायचं.