पेपर माझाच, मग परवानगी कशाची?

प्रश्न : मी चिंचोटीची. एम.ए.ला समाजशास्त्र होतं. २०२२ साली तिसऱ्या सत्रात एका विषयासाठी आमच्या चिंचोटीच्या धबधब्यावर पेपर लिहिला होता. पावसाळ्यात बंदीचा आदेश निघाला की वाटेवरचे टपरीवाले, पार्किंगवाले आणि वाट दाखवणारी पोरं काय करतात, हा विषय. अठरा पानं झाली, मार्कही बरे पडले. आता पीएच.डी. करतेय आणि तोच पेपर वाढवून प्रबंधाचं तिसरं प्रकरण करायचा विचार आहे. मार्गदर्शक मॅडम म्हणतात, “आधी त्या विषयाच्या सरांना पत्र लिही.” रानात मी फिरले, लोकांशी मी बोलले, लिहिलंही मीच. मग सरांची परवानगी कशाला? आणि पत्रात लिहायचं तरी काय?

उत्तर : मालकीचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला मालक लेखकच असतो. तुम्ही विद्यापीठाच्या नोकर नव्हता, तेव्हा पेपर तुमचाच. पण मॅडमनी सुचवलेलं पत्र मालकीसाठी नाहीच.

पीएच.डी.चा प्रबंध सादर करताना तुम्हाला एका प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागेल. हे काम यापूर्वी कोणत्याही पदवीसाठी सादर केलेलं नाही, अशा अर्थाचं ते असतं. तुमच्या विद्यापीठाचा नमुना आजच काढून वाचा. तुमच्या पेपरचे मार्क एम.ए.च्या निकालात धरले गेले आहेत, म्हणजे तो एका पदवीसाठी वापरून झाला. काही न सांगता तोच मजकूर प्रबंधात घातला, तर ती सही खोटी ठरते. एकाच कामाचं श्रेय दोनदा घेणं, ही इथली खरी हरकत. दुसऱ्याचं चोरलेलं नसलं तरी त्याला स्वतःचीच उचलेगिरी म्हणतात, आणि यूजीसीने एप्रिल २०२० मध्ये त्याबद्दल वेगळी सूचना काढली आहे.

दुसरी अडचण यंत्राची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. तुमचा जुना पेपर विभागाने तेव्हा साम्य तपासणाऱ्या प्रणालीत टाकला असेल आणि तो तिथे साठून राहिला असेल, तर तिसरं प्रकरण तपासताना तुमचीच वाक्यं तुमच्यावर उलटतील. तेव्हा “हे आधीच लिहून कळवलं होतं” असं दाखवायला हाताशी कागद हवा.

म्हणून पत्र दोन ठिकाणी जातं. मार्गदर्शकांची लेखी संमती आधी, सरांना पत्र नंतर. प्रबंधात काय जाईल हे मार्गदर्शक आणि विद्यापीठ ठरवतं. सरांकडून फक्त दोन गोष्टी हव्यात : तो पेपर त्यांच्या विषयासाठी दिला होता याची नोंद, आणि पेपरात त्यांचं स्वतःचं काही आहे का, याचं उत्तर. प्रश्नावली त्यांनी बेतून दिली असेल, मांडणीची कल्पना वर्गात त्यांनी मांडली असेल, तर ते श्रेय त्यांचं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, पण श्रेय असतं.

पत्र मोघम लिहू नका. “पेपर वाढवायचा आहे, परवानगी द्यावी” एवढंच लिहिलं तर सर कशाला हो म्हणतायत, हे त्यांनाही कळत नाही. जुनं किती, नवं किती आणि नेमकं काय हवं, या तिन्ही गोष्टी पत्रात याव्यात. तुमच्यासाठी नमुना असा :

> आदरणीय सर,
> सादर नमस्कार.
>
> विषय : एम.ए.च्या पेपरवर आधारित प्रकरण पीएच.डी. प्रबंधात घेण्याबाबत.
>
> २०२२ मध्ये तिसऱ्या सत्रात आपल्या विषयासाठी मी चिंचोटी धबधब्यावरील पावसाळी बंदी आणि स्थानिकांची कमाई यावर पेपर सादर केला होता. त्याची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण याच विषयावर लिहावे, असे मी ठरवले आहे. मार्गदर्शकांची संमती घेतली असून तीही सोबत आहे.
>
> जुन्या पेपरमधून मी त्या वेळच्या मुलाखती आणि पान ९ वरील तक्ता घेणार आहे. प्रस्तावना, विवेचन आणि निष्कर्ष नव्याने लिहीन. नव्या भागात २०२० मध्ये स्वतंत्र पोलीस आयुक्तालय होण्यापूर्वीचे व नंतरचे बंदी आदेश ताडून पाहणार आहे, आणि त्याच कुटुंबांकडे पुन्हा जाणार आहे.
>
> प्रकरणाच्या पहिल्या पानावर तळटीप देईन, की या प्रकरणाचा काही भाग एम.ए.च्या पेपरमध्ये आधी आला आहे.
>
> आपणास दोन विनंत्या : या वापरास हरकत नसल्यास तसे दोन ओळींत कळवावे. तसेच मुलाखतीची प्रश्नावली आपण सुधारून दिली होती, त्याचा उल्लेख कोणत्या शब्दांत करावा, हे सांगावे.
>
> आपली विद्यार्थिनी

यात “कृपा करून”, “आपले उपकार” वगैरे मुद्दाम टाकलेलं नाही. सरांना दोन मिनिटांत वाचून उत्तर देता यावं, एवढंच पत्राचं काम. महिनाभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही नाही आलं, तर पाठवलेल्या पत्राची प्रत मार्गदर्शकांकडे द्या, तळटीप ठेवा आणि पुढे चला. उत्तर आलं नाही म्हणून उल्लेख मात्र गाळू नका.

आता “वाढवणं” म्हणजे काय, तेही बघा. अठरा पानांची चाळीस पानं केली म्हणजे प्रकरण होत नाही. तुमच्या पेपरात बंदीचे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आहेत, असं लिहिलेलं असणार. २०२२ साली ते बरोबरच होतं. पण १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली आणि तेच अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आले. जुनं पान जसंच्या तसं चिकटवलं, तर परीक्षकाचं बोट नेमकं तिथे पडेल. अशी कालबाह्य झालेली जागा सापडली की ओळखावं, तो परिच्छेद पुन्हा लिहायचा आहे. जुन्या पेपरची छापील प्रत घ्या, जे तसंच राहणार त्याला निळी रेघ, जे नव्याने लिहायचं त्याला लाल. निळं पाव भागाहून जास्त उरलं तर ते प्रकरण अजून पेपरच आहे, असं मी समजेन.

शेवटचा मुद्दा तुमच्या पत्रात येत नाही, पण तो सगळ्यात आधी निस्तरायला हवा. त्या टपरीवाल्या मावशींनी आणि वाट दाखवणाऱ्या पोरांनी तुम्हाला माहिती दिली ती कॉलेजच्या पेपरसाठी. तो पेपर सरांच्या कपाटात राहणार होता. प्रबंध मात्र शोधगंगेवर चढतो आणि कोणालाही वाचता येतो. बंदी असताना रानवाटेने माणसं नेतो, असं ज्याने सांगितलं, त्याच्या पाड्याचं नावसुद्धा त्याची ओळख पटायला पुरेसं आहे. त्यांच्याकडे पुन्हा जा, आता हे कुठे छापलं जाणार ते सांगा आणि नव्याने संमती घ्या. जो नाही म्हणेल, त्याची मुलाखत वगळा. ही परवानगी सरांच्या सहीने मिळत नाही.